सेवासमाप्तीच्या पत्रात ठपका नको, हिशेब हवा

प्रश्न: नाशिकमध्ये पंप आणि त्यांच्या सुट्या भागांचा आमचा घाऊक व्यवसाय आहे, माणसे चौदा. डिस्पॅच आणि बिलिंग पाहणारे एक गृहस्थ १ डिसेंबर २०१९ पासून आमच्याकडे आहेत. पद ‘डिस्पॅच सुपरवायझर’, पगार एकत्रित २६,००० रुपये. बिलांतील चुकांबद्दल यंदा १९ जानेवारी, ९ मार्च आणि २५ मे अशा तीन लेखी ताकिदी दिल्या. दुसरी मी रागात लिहिली. तिच्यात ‘आपण जाणूनबुजून चुका करता’ असे वाक्य आहे. एप्रिलमध्ये सर्वांबरोबर त्यांनाही दोन हजारांची वाढ दिली. तिसऱ्या ताकिदीत एक महिन्याची मुदत आणि पाच चुकीच्या बिलांची मर्यादा घातली होती. त्या महिन्यात २१२ पैकी १९ बिले दुरुस्त करावी लागली. ‘नवे सॉफ्टवेअर शिकवलेच नाही’ असे त्यांचे लेखी उत्तर आहे. प्रत्यक्षात एप्रिलमध्ये दोन दिवस शिकवले होते. मी असा मसुदा केला आहे: ‘आपल्या बेजबाबदार व अप्रामाणिक वर्तनामुळे कंपनीचे अतोनात नुकसान झाले असून आपणांस तत्काळ बडतर्फ करण्यात येत आहे. हिशेब पुढील महिन्यात दिला जाईल.’ ६ जुलैला पत्र द्यायचे आहे. यात काय ठेवावे आणि काय काढावे?
— एक व्यावसायिक, नाशिक

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्या मसुद्यातील दोन्ही वाक्ये काढावी लागतील. पहिल्या वाक्याने आपण स्वतःवर एक असा बोजा घेता जो आपल्याला पेलायचा नाही, आणि दुसऱ्या वाक्याने हातात असलेला बचाव सोडून देता. तो कसा, हे क्रमाने सांगतो.

‘बडतर्फ’ हा शब्द शिक्षेचा आहे. एखाद्याला गैरवर्तनाबद्दल शिक्षा म्हणून काढायचे असेल, तर त्याला आधी आरोपपत्र द्यावे लागते, त्याचा खुलासा घ्यावा लागतो, खातेनिहाय चौकशी करावी लागते, त्या चौकशीत त्याला साक्षीदारांची उलटतपासणी करू द्यावी लागते आणि त्यानंतरच शिक्षेचा आदेश निघू शकतो. आपण यांपैकी काहीच केलेले नाही, आणि आपल्या पत्रावरून तसे करण्याची आपली इच्छाही दिसत नाही. आपली तक्रार एवढीच आहे की त्या गृहस्थांकडून काम ठरलेल्या दर्जाचे होत नाही. त्याला अप्रामाणिकपणा म्हणत नाहीत. जमत नसणे आणि करायचे नसणे या दोन गोष्टी कायदा वेगळ्या खान्यांत ठेवतो, आणि सेवासमाप्तीच्या पत्रात त्या एकत्र आल्या की पत्र दोन्ही खान्यांतून बाद होते: शिक्षा म्हणावी तर चौकशी नाही, आणि साधी सेवासमाप्ती म्हणावी तर भाषा शिक्षेची. म्हणून पत्रात ‘अप्रामाणिक’, ‘बेजबाबदार’, ‘कामचुकार’, ‘उर्मट’, ‘निष्काळजी’ यांपैकी एकही विशेषण नको, आणि ‘बडतर्फ’ऐवजी ‘आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे’ एवढेच लिहावे.

येथे आपल्या दुसऱ्या ताकिदीची अडचण येते. बहुतेक मालक सेवासमाप्तीच्या पत्रात सवयीने लिहितात, ‘दिनांक अमुक, तमुक आणि अमुकच्या पत्रांन्वये आपणांस वारंवार ताकीद देण्यात आली होती.’ वाक्य निरुपद्रवी दिसते, पण ज्या पत्राचा उल्लेख होतो त्या पत्रातील भाषाही त्याबरोबर आत येते. कोलकात्यातील एका विज्ञान संशोधन संस्थेच्या प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: ठपका प्रत्यक्ष आदेशात नसला तरी आदेशात ज्या कागदांचा उल्लेख आहे किंवा जे सोबत जोडले आहेत त्यांत तो असेल, तर आदेश ठपका ठेवणाराच ठरतो. ते प्रकरण परिवीक्षाधीन कर्मचाऱ्याचे आणि सरकारी स्वरूपाच्या संस्थेचे होते, त्यामुळे ते आपल्या दुकानाला जसेच्या तसे लागू होते असे मी म्हणत नाही. पण कामगार न्यायालयातही समोरचा वकील आपली ९ मार्चची ताकीद उघडून ‘जाणूनबुजून’ या शब्दावर बोट ठेवणार, हे निश्चित समजा. त्याच न्यायालयाने पुढे, ‘काम समाधानकारक नाही’ अशा साध्या शब्दांना ठपका मानता येणार नाही, असेही सांगितले आहे. आपल्याला याच मर्यादेत राहायचे आहे.

त्यामुळे पत्रात १९ जानेवारी आणि २५ मेच्या ताकिदींचा दिनांकासह उल्लेख करा, ९ मार्चचा करू नका, आणि कोणतीही ताकीद सोबत जोडू नका. यात एक मर्यादा आहे, ती लपवत नाही. उल्लेख टाळल्याने ते पत्र अस्तित्वातून जात नाही. त्यांच्याकडे त्याची प्रत आहे आणि न्यायालय गरज वाटल्यास आदेशाच्या शब्दांमागे काय आहे हे पाहू शकते. त्यावर आपले उत्तर हे असावे की २५ मेच्या ताकिदीत तो आरोप पुन्हा केलेला नाही, त्यात फक्त चुकांचे मोजमाप आणि मुदत आहे, आणि सेवा त्या मोजमापावरून संपवली आहे. मात्र चुका मुद्दाम केल्या जात होत्या असे आपल्याला आजही मनापासून वाटत असेल, तर हे पत्र आपल्यासाठी नव्हे. मग आरोपपत्र आणि चौकशी, हाच मार्ग.

आता त्यांच्या पदाचा प्रश्न. आपण तो विचारलेला नाही, पण त्याच्यावर पैशांचा सगळा भाग अवलंबून आहे. ‘सुपरवायझर म्हणजे कामगार नाही, त्याला महिन्याची नोटीस दिली की झाले’ असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ ची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेनुसार पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा माणूस ‘कामगार’ या व्याख्येबाहेर जातो हे खरे. पण न्यायालय पदाचे नाव पाहत नाही, तो माणूस दिवसभर काय करतो हे पाहते. हे गृहस्थ स्वतः बिले बनवतात, पॅकिंग लिस्ट तपासतात, ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करतात. त्यांच्या हाताखाली कोणी आहे का? ते कोणाची रजा मंजूर करतात का, कोणाला काम वाटून देतात का? तसे नसेल तर काम कारकुनी आहे, आणि कारकुनी काम करणाऱ्याला वेतनाची मर्यादा लागू नाही. पगार कितीही असला तरी तो कामगार. आपल्या वर्णनावरून मी त्यांना कामगार धरूनच पुढचे लिहितो. ते खरोखरच व्यवस्थापकीय जागेवर असते, तर नेमणूकपत्रातील नोटिशीची अट पाळून चार ओळींचे पत्र पुरले असते.

कामगाराची सेवा शिक्षा म्हणून नव्हे तर अन्य कोणत्याही कारणाने मालकाने संपवली, तर कायद्याच्या भाषेत ती ‘कपात’ ठरते. कपात म्हणजे माणसे जास्त झाली म्हणून कमी करणे, असा या शब्दाचा रोजचा अर्थ आहे, आणि पूर्वी न्यायालयांतही तसा मतभेद होता. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो संपवला आणि ‘कोणत्याही कारणाने’ याचा अर्थ कोणत्याही कारणाने असाच आहे, असे ठरवले. कपातीची व्याख्या नव्या संहितेतही त्याच शब्दांत आली आहे. काम न जमल्यामुळे सेवा संपवणे हे त्यात बसते. म्हणून कारण लिहिलेली एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी एक महिन्याचे वेतन, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई, ही दोन्ही द्यावी लागतात. शेवटचे वर्ष सहा महिन्यांपेक्षा जास्त भरले असेल तर तेही पूर्ण धरतात.

आता आपले दुसरे वाक्य पाहा, ‘हिशेब पुढील महिन्यात दिला जाईल.’ मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील वॉर्ड सेवकांना भरपाई न देता कमी केल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६० साली निकाल लागला: भरपाई देणे ही कपातीची पूर्वअट आहे, ती पाळली नाही तर कपातच रद्दबातल. तेव्हापासून हा मुद्दा डळमळलेला नाही. म्हणजे आपले कारण कितीही खरे असो, १९ चुकीची बिले डोळ्यांसमोर असोत, नोटिशीचे वेतन आणि भरपाई पत्राबरोबर दिली नाही तर त्या एका कारणाने माणूस परत कामावर येऊ शकतो, आणि मधल्या काळाचा पगार मागू शकतो. माझ्या पाहण्यातील एका कारखान्याच्या पत्रात शेवटी ‘कार्यालयीन वेळेत येऊन आपला धनादेश घेऊन जावा’ असे होते. धनादेश त्या दिवशी लिहिलेलाच नव्हता, आणि धनादेश पुस्तकातील क्रमांकाने ते उघडे पडले. पैसे त्याच दिवशी खात्यात जमा करा आणि व्यवहार क्रमांक पत्रात लिहा.

रकमा अशा येतात. नोटिशीऐवजी एक महिन्याचे वेतन २६,००० रुपये. सेवा ६ जुलै २०२६ रोजी सहा वर्षे सात महिने भरते, म्हणून भरपाईसाठी सात वर्षे धरायची. सरासरी वेतन लगतच्या तीन पूर्ण महिन्यांचे काढतात. एप्रिल, मे आणि जून या तिन्ही महिन्यांत ते २६,००० आहे, म्हणून पंधरा दिवसांचे १३,००० आणि सात वर्षांचे ९१,००० रुपये. ग्रॅच्युइटीचे पंधरा दिवस मात्र वेगळे आहेत: तेथे महिन्याचे वेतन २६ ने भागून १५ ने गुणायचे असा नियमच आहे, म्हणून १५,००० आणि सात वर्षांचे १,०५,००० रुपये. दोन्हीकडे ‘पंधरा दिवस’ आहेत म्हणून एकच आकडा वापरणारे हिशेबनीस पुष्कळ भेटतात. भरपाईसाठी महिन्याचा निम्मा पगार धरायचा, २६ चा भाजक तेथे लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेले आहे. हा सगळा हिशेब आपला पगार खरोखर एकत्रित आहे असे धरून आहे. त्यात भत्ते वेगळे दाखवले असतील तर ग्रॅच्युइटीचे वेतन किती धरायचे हे आधी तपासून घ्या.

या रकमांची मुदतही सारखी नाही. नोटिशीचे वेतन आणि भरपाई पत्राबरोबरच. जुलैच्या सहा दिवसांचा पगार आणि इतर थकीत वेतन दोन कामाच्या दिवसांत. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत. मी आपल्या जागी असतो तर सगळे एकाच दिवशी दिले असते, पण पैशांची जुळवाजुळव करावी लागणार असेल तर थांबायला जागा फक्त ग्रॅच्युइटीत आहे. शिल्लक रजेचा पगार आपल्या रजेच्या नियमांनुसार यात येईल. नव्या संहितेत कपात झालेल्या कामगाराच्या पुनर्कौशल्य निधीसाठी मालकाने पंधरा दिवसांचे वेतन भरण्याची तरतूद आहे, आणि कपातीची सूचना शासनालाही पाठवावी लागते. या दोन्हींचा नमुना आणि भरणा कसा करायचा हे आपल्या श्रम सल्लागाराकडून पत्र देण्याआधी करून घ्या.

कारणाचा परिच्छेद मी सगळ्यात शेवटी लिहितो, कारण तो लिहिण्याआधी एक काम करावे लागते, आणि ते कंटाळवाणे आहे. ती १९ बिले काढून समोर ठेवा. प्रत्येकासोबत क्रेडिट नोट किंवा दुरुस्त केलेले बिल आहे, आणि विक्री प्रतिनिधीने दिलेली मूळ ऑर्डर स्लिप आहे. प्रत्येक चुकीचे मूळ कोठे आहे ते पाहा. समजा, तीन बिलांत इंपेलरचा आकार स्लिपवरच चुकीचा होता आणि एकात गोदामाने दिलेला कोड जुना होता. तर त्या चार चुका या गृहस्थांच्या नाहीत आणि पत्रात १९ नव्हे, १५ लिहायचे. मर्यादा पाचची होती, त्यामुळे १५ नेही आपली बाजू तेवढीच भक्कम राहते. पण १९ लिहिले आणि उलटतपासणीत त्यांतील चार दुसऱ्याच्या निघाल्या, तर उरलेल्या पंधरांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. एखाद्या बिलात रक्कम चुकली की ग्राहकाचा पत्ता चुकला, हेही स्लिपवर पेन्सिलीने लिहून ठेवा. वर्षभराने आपल्यालाच आठवणार नाही.

त्याच वेळी सॉफ्टवेअरचा मुद्दा तपासा. लेखी उत्तराकडे दुर्लक्ष करून निघालेले पत्र पूर्वग्रहाचे दिसते, म्हणून त्या उत्तराचा उल्लेख पत्रात हवाच. एप्रिलमधील दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचा काही कागद आहे का? हजेरीची सही, सॉफ्टवेअरवाल्याचे भेटीचे बिल, त्या दिवशीचा ई-मेल, काहीही चालेल. नसेल तर माझा सल्ला आपल्याला आवडणार नाही: ६ जुलैचे पत्र देऊ नका. आता लेखी नोंद ठेवून दोन दिवस प्रशिक्षण द्या, तीच मर्यादा घालून आणखी एक महिना द्या आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोजा. एका पगाराचा खर्च होईल, पण त्यांच्या बचावाचा एकमेव खरा आधार संपेल. तसे केलेत तर पुढील मसुद्यातील चुकांचे आकडे नव्या महिन्याचे घ्या, आणि वर काढलेली सरासरी व सेवेचा काळही नव्या दिनांकावर पुन्हा तपासा.

कागद आहे असे धरून पत्राचा मुख्य भाग असा करता येईल:

> आपण दिनांक १ डिसेंबर २०१९ पासून आमच्या आस्थापनेत डिस्पॅच व बिलिंगचे काम पाहत आहात. बिलांतील चुकांच्या संदर्भात आपणांस दिनांक १९ जानेवारी २०२६ व २५ मे २०२६ रोजी लेखी कळविण्यात आले होते. दुसऱ्या पत्रान्वये आपणांस २४ जून २०२६ पर्यंत मुदत देण्यात आली होती व त्या कालावधीत दुरुस्त कराव्या लागणाऱ्या बिलांची संख्या पाचपेक्षा अधिक असू नये, असे ठरविण्यात आले होते.
>
> सदर कालावधीत आपण तयार केलेल्या २१२ बिलांपैकी १५ बिले आपल्याकडील नोंदीतील चुकीमुळे दुरुस्त करावी लागली. नवीन सॉफ्टवेअरसंबंधी आपण दिलेले लेखी उत्तर विचारात घेण्यात आले. त्याचे प्रशिक्षण आपणांस एप्रिल २०२६ मध्ये दोन दिवस देण्यात आले होते. आपले काम या पदासाठी आवश्यक असलेल्या दर्जाचे होत नसल्याने आपली सेवा दिनांक ६ जुलै २०२६ रोजी कामकाजाची वेळ संपल्यापासून समाप्त करण्यात येत आहे.
>
> एक महिन्याच्या नोटिशीऐवजी देय वेतन रुपये २६,००० व भरपाई रुपये ९१,००० अशी एकूण रुपये १,१७,००० एवढी रक्कम आज आपल्या बँक खात्यात जमा करण्यात आली असून तिचा तपशील सोबत दिला आहे. दिनांक ६ जुलैपर्यंतचे वेतन व शिल्लक रजेचे वेतन ८ जुलै २०२६ पर्यंत, तसेच ग्रॅच्युइटीची रक्कम रुपये १,०५,००० दिनांक ५ ऑगस्ट २०२६ पूर्वी आपल्या खात्यात जमा करण्यात येईल.

याखाली परत करायच्या वस्तू, म्हणजे गोदामाची किल्ली किंवा कंपनीचा मोबाइल, एका ओळीत लिहा. सही ज्यांनी नेमणूकपत्रावर केली त्यांनी किंवा त्यांच्या वरच्यांनी करावी. ‘मालकांच्या वतीने’ हिशेबनिसाने केलेली सही हा फुकटचा वाद असतो.

या मसुद्यात ‘अतोनात नुकसान’ नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. नुकसान लिहिले की ते किती, कसे आणि कोणामुळे हे सिद्ध करायची जबाबदारी आपली, आणि पुढची पायरी म्हणून ते हिशेबातून वळते करण्याचा मोह होतो. कामातील चुकीमुळे झालेल्या नुकसानीची रक्कम वेतनातून कापण्याआधी त्या माणसाला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागते. ग्रॅच्युइटी तर काम न जमल्याच्या कारणाने अडवता येतच नाही. ती फक्त हेतुपुरस्सर किंवा निष्काळजीपणाने केलेल्या नुकसानीपुरती, किंवा हिंसक वर्तन आणि नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासारख्या कारणांसाठी रोखता येते, आणि त्यासाठी पुन्हा चौकशीचा मार्ग घ्यावा लागतो.

‘गेली कित्येक वर्षे’ हेही मसुद्यात नाही. एप्रिलमध्ये आपण वाढ दिली. ती सर्वांना दिली होती हे खरे असले, तरी वाढीच्या पत्रात ‘आपल्या चांगल्या कामाची दखल घेऊन’ असे छापील वाक्य असण्याची दाट शक्यता आहे. ते आधी वाचून घ्या. पत्रातील मुख्य कारण मे-जूनच्या मोजलेल्या महिन्यावर उभे केले आहे ते याच हेतूने, कारण वाढीच्या आधीच्या काळावर जितका जोर द्याल तितके ते वाढीचे पत्र आपल्या विरोधात बोलेल. उशिरा येणे, फोन न उचलणे, सहकाऱ्यांशी पटत नसणे, आजारपणाच्या रजा, असल्या साठून राहिलेल्या तक्रारींनाही या पत्रात जागा नाही. ज्या गोष्टीबद्दल ताकीद दिलेली नाही ती सेवासमाप्तीच्या पत्रात पहिल्यांदा यायला नको.

आणखी एक वाक्य पत्रात येऊ देऊ नका: ‘वरील रक्कम स्वीकारल्यानंतर माझी कोणतीही मागणी उरत नाही, असे लिहून दिल्यावरच हिशेब दिला जाईल.’ कायद्याने देणे असलेल्या पैशांना अशी अट घालता येत नाही, आणि तशी सही घेतली तरी ती दडपणाखाली घेतली असे म्हणायला वाव राहतो. रक्कम मिळाल्याची साधी पावती पुरेशी आहे. राजीनामा मागून घेणे आणि वर हे पत्रही देणे, हा तसाच दुसरा घोळ. दोन्हींपैकी एक खोटे आहे हे कोणालाही दिसते.

पत्राबाहेरची पण पत्रावर परिणाम करणारी एक बाब. आपल्याकडे बिलिंगचे तेच काम करणारा दुसरा, यांच्यानंतर लागलेला कोणी आहे का? कपातीत सामान्यतः शेवटी आलेला आधी जातो. तसे केले नाही तर त्याची कारणे नोंदवावी लागतात. तसा कोणी असेल तर त्याच काळातील त्याच्या चुकांची संख्या शेजारी ठेवून एक पानाची टिपणी करा आणि पत्राच्या दिवसाआधी सही करून फाइलला लावा. तसेच, कपात झालेल्या कामगाराला त्याच जागेच्या नव्या भरतीत प्राधान्य देण्याची तरतूद कायद्यात आहे आणि नव्या संहितेत ती एक वर्षापुरती आहे. काम न जमल्यामुळे काढलेल्याला पुन्हा बोलावणे विचित्र वाटते, पण तरतूद आहे. म्हणून त्या जागेची जाहिरात देण्याआधी वकिलांशी बोला, नंतर नव्हे.

पत्र मराठीत द्या. त्यांची नेमणूक इंग्रजीत झाली असली तरी वाद झाल्यास ‘मला समजले नाही’ याला जागा राहू नये. ते आपल्या खोलीत, एका साक्षीदारासमोर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर दिनांक व वेळ लिहून पोच घ्या. त्यांनी सही नाकारली तर हुज्जत घालू नका. ‘पत्र वाचून दाखवले, घेण्यास नकार दिला’ असे त्या प्रतीवर लिहून साक्षीदाराची सही घ्या आणि त्याच दिवशी त्यांच्या नोंदवलेल्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा, सोबत ई-मेलही करा. कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र यातले काहीही टाकू नका. ग्राहकांना फक्त एवढेच कळवा की बिलांसाठी यापुढे अमुक यांच्याशी संपर्क साधावा. कारण लिहिलेत तर बदनामीची दुसरीच फिर्याद ओढवेल.

अनुभवाचा दाखला त्यांनी मागण्याची वाट पाहू नका, हिशेबासोबतच द्या. त्यात पद, कामाचे स्वरूप आणि १ डिसेंबर २०१९ ते ६ जुलै २०२६ हे दिनांक असावेत, सेवा का संपली ते नसावे. आपली आस्थापना भविष्य निर्वाह निधीत नोंदलेली असेल, तर त्याच्या पोर्टलवर सेवा संपल्याचा दिनांक वेळेत भरा आणि तो पत्रातलाच भरा. कारणाच्या रकान्यात पत्राशी विसंगत असे काही निवडले जात नाही ना, तेवढे त्या दिवशी स्वतः पाहून घ्या.